पेल्याला घाम कुठून आला?

मागच्या ऑगस्टमध्ये चौथीच्या वर्गाला जलचक्र शिकवून झालं आणि मी निर्धास्त होते. फळ्यावर समुद्र, सूर्य, ढग, डोंगर, नदी असं सगळं काढून झालं होतं. मुलांनीही वहीत आकृती काढून बाणांवर बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य अशी नावं घातली होती. 36 पैकी 33 वह्या बिनचूक होत्या.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत एक मुलगा रडवेला होऊन आला. "बाई, माझी नवी बाटली गळते. दप्तर भिजलं." साधी, एका पत्र्याची स्टीलची बाटली होती. आईने फ्रीजमधलं पाणी भरून दिलं होतं. मी ती पुसून उलटी धरली, झाकण दाबून पाहिलं. एक थेंबही गळेना. दोन मिनिटांत मात्र ती बाहेरून पुन्हा ओली झाली. तो म्हणाला, "बघा, पत्र्यातून येतंय." याच मुलाच्या वहीत सांद्रीभवनाचा बाण अगदी जागच्या जागी होता.

वर्ग सुटायच्या आधी पाच मिनिटं एक छोटा प्रश्न द्यायचा आणि दारातून बाहेर पडताना उत्तराची चिठ्ठी घ्यायची, हे एक्झिट तिकीट मी गणितात आधीपासून वापरत होते. मुलं त्याला "सुट्टीचं तिकीट" म्हणतात. जलचक्राच्या धड्यालाही मी तिकीट दिलं होतं, पण त्यावर प्रश्न होता, "जलचक्राचे टप्पे लिहा." तिथे पाठ केलेली नावं उतरणार, दुसरं काय होणार? चूक माझ्या प्रश्नात होती. म्हणून त्या बाटलीवरूनच नवा प्रश्न करायला बसले.

पहिला खर्डा असा होता: "थंड पाण्याच्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून थेंब येतात. ते कुठून येतात? (अ) पेल्याच्या आतलं पाणी झिरपतं. (आ) गारवा बाहेर येऊन त्याचं पाणी होतं. (इ) हवेतल्या बाष्पाचं सांद्रीभवन होतं." जवळपास सगळ्यांनी "इ" लिहिलं. मला बरं वाटलं, पण खात्री वाटेना. एका मुलीला विचारलं, "इ का गं?" ती म्हणाली, "बाई, त्यात धड्यातला शब्द आहे ना." पुस्तकी शब्द ज्या पर्यायात असेल तोच बरोबर, हे मुलांना पहिलीपासून ठाऊक असतं.

मग पर्यायांतले पुस्तकी शब्द काढून टाकले. तिन्ही वाक्यं सारख्याच लांबीची, बोलण्यातली केली: "पेल्यातलं पाणी बाहेर आलं", "पेल्यातला गारवा बाहेर आला", "बाहेरच्या हवेतलं पाणी पेल्यावर आलं." खाली एक रिकामी ओळ ठेवली, "मला असं वाटतं, कारण..." तीन पर्यायांत अंदाजानेही तिसरा हिस्सा मुलं बरोबर येतात, म्हणून या ओळीशिवाय चिठ्ठी वाचण्यात अर्थ नाही. कागद ए-फोरचा चौथा हिस्सा, नाव मागच्या बाजूला, गुण नाहीत. गुण नाहीत हे मुलांना मोठ्याने सांगावं लागतं, नाहीतर ती शेजारच्याची चिठ्ठी बघतात.

त्या दिवशी शिक्षक खोलीत चहा होईपर्यंत चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे केले. हवेतलं पाणी म्हणणारी आणि कारणही पटण्यासारखं देणारी 11 मुलं होती. गारवा बाहेर आला म्हणणारी 7. पेल्यातलं पाणी बाहेर आलं म्हणणारी 15. उरलेल्या तिघांनी पर्याय बरोबर निवडला होता, पण कारणाच्या जागी लिहिलं होतं, "कारण पेल्याला घाम येतो."

या घामापाशी मी बराच वेळ थांबले. आपण घरात सहज म्हणतो, ग्लासला घाम फुटला. पण घाम तर आतून येतो! म्हणजे रोजची बोलीच मुलांना झिरपण्याकडे ढकलते. त्या तिघांना दुसऱ्या दिवशी तोंडी विचारलं तेव्हा दोघांच्या मनात पाणी आतूनच येत होतं. कागदावर "घाम" दिसला की ते उत्तर पक्कं धरू नये, मुलाला विचारावं, हे तेव्हापासून ठरवून टाकलं.

आणि झिरपतं म्हणणाऱ्या 15 जणांपैकी तिघाचौघांनी कारण लिहिलं होतं, "आमचा माठ पण बाहेरून ओला असतो." हे कारण अगदी खरं आहे. माठाच्या भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी खरोखरच बाहेर येतं. ते बाहेर वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेतं, म्हणून पाणी गार होतं. मुलं डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होती. फक्त माठाचा नियम ती स्टीलला लावत होती. अशा मुलाला "चूक" असा शेरा मारला तर त्याचं खरं निरीक्षणही पुसलं जातं.

दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं या गठ्ठ्यासाठी ठेवली. स्टीलच्या पेल्यात बर्फ आणि कोकम सरबत घातलं, बाहेरून कोरडा पुसला. थेंब आल्यावर पांढऱ्या रुमालाने टिपले. रुमाल पांढराच राहिला. मला वाटलं, झालं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पाणी गाळून आलं असेल. रंग आतच राहिला." क्षणभर मला उत्तर सुचलं नाही. गाळणीत चोथा मागे राहतो, मग रंग का राहू नये? मुलाचं म्हणणं बिनतोड होतं, आणि माझा प्रयोग अपुरा.

त्या रात्री खलबत्त्यातला लोखंडी बत्ता फ्रीजमध्ये ठेवला. खालच्या कप्प्यात ठेवला, बर्फाच्या कप्प्यात नाही. तिथे ठेवला असता तर बाहेर काढल्यावर त्यावर आधी पांढरं हिम धरलं असतं आणि मुलं म्हणाली असती की बर्फ फ्रीजमधूनच चिकटून आला. सकाळी पुसून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला आणि रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये घालून शाळेत नेला. वर्गात पिशवी सोडली, बत्ता हातोहात फिरवला. "कोरडा आहे ना?" "हो." "आतून पोकळ आहे का?" ठोकून पाहिलं, नाही. मग टेबलावर ठेवला आणि सगळे बघत बसले. आधी लोखंडाची चमक मंदावली, मग बोट फिरवलं तर रेघ उमटली, मग बारीक थेंब. गाळून आल्याचं म्हणणारा तोच मुलगा पुढे आला, बत्ता दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाला, "याच्या आत तर पाणीच नाही."

इथे ऋतूचं भान ठेवावं लागतं. नाशिकला जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की फ्रीजमधली कुठलीही वस्तू लगेच ओली होते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हाच प्रयोग करायला गेलात तर वस्तू खूप जास्त थंड लागते, आणि काही वेळा काहीच दिसत नाही. दुसरं म्हणजे, स्टीलच्या पेल्यात माठातलं पाणी घेऊन वाट पाहू नका. माठ त्याच खोलीतल्या हवेत पाणी उडवून गार होतो, म्हणून त्याचं पाणी त्या हवेतल्या बाष्पाचे थेंब होण्याइतकं थंड होतच नाही. मी एकदा अर्धा तास असा फुकट घालवला आहे.

पेल्याचा प्रश्न झाल्यावर त्याच आठवड्यात आणखी दोन तिकिटं दिली. एक होतं, "रात्री घरात दोरीवर टाकलेला ओला युनिफॉर्म सकाळी वाळला. ऊन नव्हतं. पाणी कुठे गेलं?" याने सूर्य पाणी ओढून घेतो एवढंच धरून बसलेली मुलं लगेच सापडतात. ती लिहितात, "खाली गळालं" किंवा "कपड्यात मुरलं". "वाफ झाली" असंही बरेच जण लिहितात. तिथे विचारावं लागतं, वाफ दिसली का? चहाच्या कपावर जे पांढरं दिसतं ते बारीक थेंब असतात. बाष्प दिसत नाही.

दुसरं तिकीट आमच्या पंचवटीतल्या मुलांसाठी मुद्दाम केलं. गोदावरीला पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं हे ती रोज सांगतात. प्रश्न होता, "रामकुंडातला थेंब समुद्रापर्यंत न जाता पुन्हा पाऊस होऊन पडू शकेल का? कसा?" 22 जणांनी "नाही" लिहिलं. आधी बंगालच्या उपसागराला जायलाच हवं म्हणे. दोष माझ्या फळ्यावरच्या आकृतीचा. वर जाणारा बाण फक्त समुद्रातूनच काढलेला होता. आता मी तो गंगापूर धरणावरून, ओल्या वावरातून, झाडाच्या पानांवरून आणि दोरीवरच्या कपड्यांवरूनही काढते. "नाही" म्हणणाऱ्यांचा गठ्ठा त्यानंतरच्या चिठ्ठीत 5 वर आला.

पेल्याचा प्रश्न मी आठवड्याने पुन्हा दिला, पण जसाच्या तसा नाही. तसा दिला असता तर बत्त्याचं उत्तर पाठ झालं असतं. या वेळी कागदावर दोन चित्रं होती. एक ओला माठ, एक ओला स्टीलचा पेला. प्रश्न, "दोन्हींवरचं पाणी एकाच जागेहून आलं का?" 36 पैकी 27 जणांनी दोन्हींची वेगवेगळी कारणं लिहिली. सहा जण अजून गोंधळात होते, त्यांना मी मधल्या सुट्टीनंतर जवळ बसवलं. तिघं त्या दिवशी आलीच नव्हती.

दप्तर भिजलेल्या मुलाची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. पेल्याखाली त्याने लिहिलंय, "हवेतलं." आणि माठाखाली, "माठातलं. दिवाळीत पणतीखाली तेलाचा डाग पडतो तसं."