थोरल्याला दिलेलं लंगडं खेचर

“तुमच्या कादंबरीतले देव तुम्हीच रचलेले, हे माहीत असूनही त्यांच्यावरची माणसांची श्रद्धा खरी वाटते. अख्खा धर्म रचता कसा? आधी देवांची यादी करता का?”

पूर्वी करायचे, आणि तिथेच फसायचे. पहिल्या हस्तलिखितात माझ्याकडे बारा देव होते. वंशावळ, शस्त्रं, वाहनं, आपसातली वैरं, सगळं तयार. लिहून झाल्यावर मुख्य देवाचं नाव कुठे कुठे येतं ते शोधलं. १४ ठिकाणी सापडलं, आणि प्रत्येक ठिकाणी एक तर देऊळ होतं, नाहीतर पुजारी कुणाला तरी माहिती सांगत होता. चूल पेटवताना, भावाची घासाघीस करताना, ठेच लागल्यावर तो कुणाच्याच तोंडी नव्हता. माझ्या माणसांना देव ठाऊक होता, पण त्याच्याशी त्यांचं काही काम नव्हतं.

म्हणून आता मी मागण्यापासून सुरुवात करते. हे मी इंग्लंडमधल्या बाथच्या शिशाच्या पत्र्यांवरून शिकले. तिथल्या गरम झऱ्यात रोमन काळातले असे सुमारे १३० पत्रे सापडले आहेत. सुलिस मिनर्वा देवीकडे केलेले हे अर्ज, बहुतेक चोरीचे. डोकिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले, तर चोराची बुद्धी आणि डोळे जावेत असं त्याचं मागणं आहे. कित्येक पत्र्यांवर ‘चोर पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र’ अशी कलमं घातलेली आहेत, म्हणजे कुणी सुटायला नको. देवीचं कूळ त्यात कुणीच सांगत बसलेलं नाही. हातमोजे गेलेत आणि ती बघून घेईल, एवढंच.

माझ्या एका गोष्टीत डोंगराच्या खिंडीतून मीठ नेणारे खेचरवाले आहेत. त्यांना धास्ती एकाच गोष्टीची, वाऱ्याची. एक झोत आला की लादलेलं जनावर दरीत जातं. मग ते काय मागतील? ‘आज झोपून राहा.’ एवढं वाक्य हाती आलं आणि बाकीचं मागोमाग येत गेलं. देव झोपलेला, म्हणजे त्याला जागं करायचं नाही. म्हणून खिंडीच्या तोंडाशी खेचरांच्या गळ्यातल्या घंटांमध्ये गवत कोंबायचं. त्याचं खरं नाव घ्यायचं नाही, फक्त ‘थोरला’ म्हणायचं. पलीकडे उतरलं की गवत काढायचं आणि ते पुढच्या खेचराला चारायचं. हेच त्यांचं आभार मानणं. गावात बडबड्या माणसाला ‘याच्या घंटेत गवत नाही’ म्हणतात. ही शिवी सुचली त्या दिवशी मला वाटलं, देव वस्तीला आला.

थोरला का झोपतो? खेचरवाले म्हणतात, डोंगर रचून दमला. देवळातले म्हणतात, तो झोपलेला नाहीच, मेलेल्या मुलाचा शोक करत पडून आहे, आणि गप्प राहायचं ते त्यासाठी. दोन्हींचं पटत नाही आणि खरं काय ते मी कुठेच सांगत नाही. लेखकाने निवाडा दिला की एका बाजूची माणसं मूर्ख ठरतात, आणि वाचक त्यांच्या हातातलं गवत विसरून कोडं सोडवायला लागतो.

यावर हमखास एक शंका येते: कल्पित जगात देव खरोखरच असले तर? लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांच्या ‘द कर्स ऑफ शॅलियन’ (२००१) मध्ये ते आहेत. पाच देव, आणि अंत्यविधीला प्रत्येकाचं एकेक पवित्र जनावर आणतात. मृताचा आत्मा कोणत्या देवाने स्वीकारला, ते त्या जनावरांच्या वागण्यावरून कळतं. मला यात चमत्कारापेक्षा तो क्षण मोलाचा वाटतो, जेव्हा घरची माणसं श्वास रोखून त्या जनावरांकडे बघतात. देव आहे हे पक्कं असलं, तरी आपल्या माणसाचं काय झालं हा घोर उरतोच. तोही गेला, तर पूजेचा नुसता व्यवहार होतो.

माझा सगळ्यात आवडता प्रसंग नवसाचा आहे. वादळात अडकलेला एक खेचरवाला थोरल्याला आपलं सगळ्यात चांगलं खेचर बोलतो आणि वाचतो. घरी आल्यावर कर्ज समोर दिसतं. तो लंगडं खेचर नेऊन बांधतो. आधी मी इथे दरड कोसळवली होती आणि ते पान मेलं होतं. देवाने लगेच शिक्षा दिली की माणसाला स्वतःच्या मनात काही वागवावंच लागत नाही. दरड काढून टाकली. आता काहीच होत नाही. लंगडं खेचर देवळाच्या आवारात चरतं, कर्ज फिटतं. फक्त खिंड आली की हा माणूस इतरांच्या दुप्पट गवत कोंबतो, आणि चार पावलं गेल्यावर पुन्हा थांबून घंटेत बोट घालून बघतो.