आईच्या गुडघ्याचं माप

आई बहात्तर वर्षांची. साताऱ्यात पहिल्या मजल्यावर राहते, जिना अठरा पायऱ्यांचा. गेल्या पावसाळ्यात तिचा डावा गुडघा इतका धरला की दूध आणायला खाली उतरणंही नको वाटायला लागलं. शेजारच्या काकूंना नी कॅपने बरं वाटलं होतं, म्हणून मीही मेडिकलमध्ये गेले आणि म्हणाले, "आईसाठी नी कॅप द्या, आई जरा अंगाने आहे." त्यांनी लार्जची जोडी दिली. कुणीच माप विचारलं नाही, आणि माझ्याही ते मनात आलं नाही.

ती कॅप घालून आई स्वयंपाकघरात जाईपर्यंत ठीक असायची. दहा-पंधरा मिनिटांनी मात्र वरची कड गुंडाळत खाली यायची आणि मांडीच्या खालच्या भागात त्याची दोरीसारखी जाड वळी व्हायची. संध्याकाळी कॅप काढली की तिथे लाल चर दिसायचा आणि घोट्याजवळ पाय सुजलेला असायचा. आईला चौदा वर्षांपासून साखर आहे, पावलांची जाणीव कमी झाली आहे. "घट्ट होतंय का गं?" असं विचारलं की ती "नाही" म्हणायची, आणि तिला खरंच कळत नसायचं. हे मला फार उशिरा लक्षात आलं. ज्यांना मधुमेह आहे त्यांना नुसतं विचारून भागत नाही, पाय डोळ्यांनी बघावा लागतो.

मग भावाने पुण्याहून मागवून दिला तो पट्टा जाड काळ्या निओप्रीनचा, दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असलेला. तो घसरत नव्हता. पण निओप्रीन म्हणजे रबरासारखंच, त्यातून घाम बाहेर जात नाही. चार दिवसांत गुडघ्याच्या मागच्या घडीत पुरळ आलं. शिवाय तो पायातून वर ओढायचा होता आणि आईच्या बोटांच्या सांध्यांतही संधिवात आहे. मी सकाळी आठला कामाला जाते, नंतर तो घालून द्यायला घरात कुणी नसतं.

तेव्हा कुठे आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. खरं तर ही पहिली पायरी असायला हवी होती. त्यांनी उभं राहून एक्स-रे काढायला लावला, कारण अंगाचा भार पडल्यावरच सांध्यातली फट किती उरली ते नीट कळतं. दोन्ही गुडघ्यांत आतल्या बाजूची फट कमी झाली होती, डाव्यात जास्त. ते आईला म्हणाले, "आजी, पट्ट्याने झिजलेलं परत येत नाही. त्याने ऊब मिळते, सांधा धरल्यासारखा वाटतो आणि पाऊल विश्वासाने पडतं. त्या आधारावर चाला आणि मांडीचा स्नायू तयार करा." भार आतल्या बाजूवरून बाहेर ढकलणारा खास ब्रेस असतो, पण तो महाग आणि अवजड. आईला तो रोज पेलणार नाही, असं त्यांचं मत पडलं. कोणत्या कंपनीचा घेऊ, असं मी विचारलं. त्यांनी टायनर, विस्को आणि डायना ही नावं घेतली आणि लगेच म्हणाले, "यांतला कुठलाही चालेल, पण माप त्याच कंपनीच्या तक्त्यावर बघा." चिठ्ठीवर त्यांनी "वाटीपाशी उघडा, वेल्क्रोचा" एवढंच लिहिलं.

माप घ्यायला फिजिओथेरपिस्टने शिकवलं. शिंप्याची टेप घेतली आणि आईला आधाराला धरून उभं केलं. तिचा परकर मांडीपर्यंत वर घेऊन आधी गुडघ्याच्या वाटीच्या बरोब्बर मध्यावरून घेर मोजला. टेप कातडीला टेकलेली, पण रुतलेली नाही. मग वाटीच्या मध्यापासून पंधरा सेंटिमीटर वर पेनने खूण केली आणि तिथला मांडीचा घेर घेतला. वाटीवर उजवा गुडघा ३९ सेंटिमीटर निघाला, डावा ४२. मांडी ५१. त्या म्हणाल्या, "काकू, तुमची कॅप का घसरत होती ते बघा. मांडी वर रुंद आणि गुडघ्याशी निमुळती, नरसाळ्यासारखी. सरळ नळीसारखी कॅप तिथे टिकणारच नाही." शिवाय जोडीतल्या दोन्ही कॅप एकाच मापाच्या असतात, आणि आईचे गुडघे तर दोन मापांचे होते.

माप संध्याकाळी घ्यायचं, हेही त्यांनीच सांगितलं. सकाळी सूज उतरलेली असते. तेव्हाच्या मापाने आणलेला पट्टा संध्याकाळी काचतो.

दुकानात मी दोन कंपन्यांचे खोके शेजारी ठेवून मागचे तक्ते वाचले. एका तक्त्यात माप वाटीवर घ्यायचं होतं, दुसऱ्यात वाटीच्या वर मांडीवर. तोच डावा पाय एकीकडे लार्जच्या शेवटच्या टोकाला बसत होता आणि दुसरीकडे एक्स्ट्रा लार्जमध्ये. एका कंपनीत जो लार्ज, तो दुसरीतही लार्जच असेल, हे गृहीत धरण्यात अर्थ नाही.

शेवटी डाव्या पायाला वाटीपाशी गोल भोक असलेला, समोरून उघडणारा वेल्क्रोचा पट्टा घेतला. त्याला आतून सुती अस्तर आणि मागे घडीच्या जागी पातळ जाळीचं कापड आहे. उजव्याला साधी विणलेली कॅप, तीही फक्त जिना चढता-उतरताना. फिजिओने आईला खुर्चीत बसवून, गुडघा थोडा वाकवून पट्टा लावायला शिकवलं. आधी भोक वाटीवर बसवायचं, मग खालची, पोटरीवरची पट्टी लावायची आणि शेवटी वरची. खालची आधी लावली की पट्टा पोटरीवर टेकून राहतो. वरच्या पट्टीखाली दोन बोटं सहज जायला हवीत. सगळं लावून झाल्यावर पाच मिनिटं चालायचं आणि पावलाचा रंग बघायचा.

पहिल्या आठवड्यात मी रोज रात्री पट्टा काढल्यावर घड्याळ लावून बसायचे. फिकट ठसा वीस मिनिटांत गेला तर ठीक. अर्ध्या तासानंतरही खोल चर राहिला, बोटं गार किंवा निळसर वाटली तर पट्टा सैल करायचा, आणि तरी फरक पडला नाही तर बंद. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं, कारण ते शिरेत रक्त गोठल्याचं लक्षण असू शकतं.

पट्टा दिवसा चालण्यापुरताच, झोपताना नाही. बसल्या जागी काढला तरी चालतो. दोन वेळा आई गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबते, पाच आकड्यांपर्यंत धरते आणि सोडते, असं दहा वेळा. पट्टा गार पाण्यात साबणाने हाताने धुवायचा, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. धुताना वेल्क्रो बंदच ठेवायचं. उघडं राहिलं की त्यात दोरे अडकतात आणि मग ते धरत नाही. आईच्या दोन साड्यांचे धागे त्याने आधीच ओढले, म्हणून आता ती परकराच्या आत एक जुनं सुती फडकं गुंडाळते.

परवा मी खालून बघत होते. कठड्याला धरून, आधी उजवा पाय वर टाकत, डावा मागून घेत ती अठरा पायऱ्या न थांबता चढली आणि वरून विचारलं, "पिशवी आणलीस का गं?"