सही करण्याआधीचा एक आकडा

तालुक्याच्या गावी माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. संध्याकाळी रिपोर्टांवर सह्या करताना नऊ आठवड्यांच्या एका गर्भवतीचा सीबीसी समोर आला. हिमोग्लोबिन ९.८ होते आणि लाल पेशींचे सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही, ६१ होते. प्रौढांत ते साधारण ८० ते १०० फेम्टोलिटर असते. हिमोग्लोबिन कमी आणि पेशी लहान दिसल्या की आपल्याकडे पहिला विचार लोहाच्या कमतरतेचा येतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. हिमोग्लोबिन बनवायला लोह कमी पडले की तयार होणारी पेशी पुरेशी भरत नाही आणि लहान राहते.

मात्र त्याच कागदावर लाल पेशींची संख्या ५३ लाख होती, आणि माझा हात तिथे थांबला. लोह कमी असेल तर अस्थिमज्जेला पेशी पुरेशा संख्येनेही बनवता येत नाहीत, त्यामुळे आकाराबरोबर संख्याही घटते. शिवाय लोहाच्या कमतरतेने एमसीव्ही ६१ पर्यंत उतरेपर्यंत हिमोग्लोबिन सहसा सहा-सातच्या आसपास आलेले असते. इथे हिमोग्लोबिनची घट बेताची, पेशी फारच लहान आणि संख्या मात्र भरपूर, असा विसंगत मेळ होता. पेशींच्या आकारातील तफावत सांगणारा आरडीडब्ल्यूदेखील १४.८ म्हणजे जवळजवळ सामान्य होता. लोह हळूहळू संपत जाते तेव्हा जुन्या मोठ्या आणि नव्या लहान पेशी एकत्र फिरत असल्याने हा आकडा बहुधा वाढतो. इथे साऱ्याच पेशी सारख्या लहान होत्या, जणू जन्मापासूनच तशा.

एमसीव्हीला दशलक्षातील पेशीसंख्येने भागण्याची एक जुनी युक्ती आहे. उत्तर १३ पेक्षा कमी आले तर थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनवणारा आनुवंशिक दोष एका पालकाकडून आल्याचा, संशय घ्यावा, जास्त आले तर लोहाच्या कमतरतेचा. ६१ भागिले ५.३ म्हणजे साडेअकरा. हा भागाकार निदान करीत नाही, आणि दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर तो चकवू शकतो. गरोदरपण पुढे सरकते तसे रक्तातील द्रवभाग वाढून पेशीसंख्या उतरते, तेव्हाही त्याच्यावर फार विसंबता येत नाही.

मी काचपट्टी पाहिली. लहान, फिकट पेशींमध्ये नेमबाजीच्या लक्ष्यासारख्या दिसणाऱ्या टार्गेट पेशी बऱ्याच होत्या. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना फोन करून म्हटले, "मॅडम, लोहाच्या गोळ्या चालू ठेवा, पण फेरिटिन आणि एचपीएलसी करून घेऊ. आणि यजमानांनाही उद्याच पाठवा." फेरिटिनवरून लोहाचा साठा कळतो आणि एचपीएलसीने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजता येतात. नवराही वाहक निघाला तर बाळाची तपासणी वेळेत व्हायला हवी होती, त्यामुळे नऊ आठवडे झालेले असताना थांबून पाहण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याबरोबर आली आणि जुन्या कागदांची पिशवीही घेऊन आली. "डॉक्टर, मला शाळेपासूनच रक्त कमी आहे. गोळ्या घेऊनही वाढत नाही," असे ती म्हणाली. मी एमसीव्ही तेवढे वाचत गेलो: ६२, ६१, पुन्हा ६२. लोहाच्या कमतरतेत महिनोन्‌महिने नीट गोळ्या घेतल्यावर हा आकडा वर सरकायला हवा. पाच वर्षांत तो जागचा हललेला नव्हता. त्यातला चार वर्षांपूर्वीचा एक रिपोर्ट माझ्याच लॅबचा निघाला. खाली शेरा होता, "लोहाची कमतरता संभवते", आणि त्याखाली सही माझी होती. पेशीसंख्या तेव्हाही ५४ लाख छापलेली होती. मी तो कागद तिला दाखवला आणि चूक माझी असल्याचे सांगितले. ती काही बोलली नाही.

फेरिटिन ४४ आले, म्हणजे लोहाचा साठा रिकामा नव्हता. एचपीएलसीत हिमोग्लोबिन ए-टू, म्हणजे बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांत वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार, ५.३ टक्के निघाले. ते साडेतीनच्या आत असायला हवे. लोह फार कमी असेल तर ए-टू काहीसे खाली दिसू शकते, म्हणून फेरिटिन बरोबर मागवले होते. बीटा थॅलेसेमिया मायनरचे निदान पक्के झाले.

नवऱ्याचे हिमोग्लोबिन १३.२ होते. एवढ्यावर कोणीही त्याचा रिपोर्ट बाजूला ठेवला असता. एमसीव्ही ६६, पेशी ६१ लाख, ए-टू ५.१. दोघेही वाहक असल्याने प्रत्येक गर्भात थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे दोघांकडूनही दोष येऊन आयुष्यभर रक्त चढवावे लागणाऱ्या आजाराची, शक्यता चारात एक होती. मी दोघांना बसवून हे सांगितले, आणि मॅडमनी त्याच आठवड्यात त्यांना जनुकीय तपासणीसाठी मुंबईला पाठवले. बाराव्या आठवड्यात वारेचा अंश घेऊन तपासणी झाली. बाळ आईवडिलांसारखेच वाहक निघाले.

मॅडमचा निरोप आला तेव्हा मी तिच्या धाकट्या भावाचा सीबीसी पाहत होतो. एमसीव्ही ६३ होते.