भिंत न पाडता मोठा झालेला हॉल

नूतनीकरणानंतरचे फोटो डिझायनरबाईंना फार आवडले. घरमालकांनी मात्र आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी धरून विचारलं, "भिंत तर पाडली नाही. मग हॉल मोठा कसा झाला?"

चूक माझीच होती. आधीचा फोटो काढताना माझ्या पाठीला कपाट टेकलं होतं. काम झाल्यावर ते कपाट गेलं आणि मी नकळत मागे सरकलो. त्यात २४ मिमीऐवजी १८ मिमीची लेन्स लावलेली. ट्रायपॉडच्या पायांशी चिकटपट्टीच्या खुणा केल्या होत्या खऱ्या, पण फरशीच बदलली. खुणा नव्या टाइल्सखाली गाडल्या गेल्या!

लेन्सचा फरक फोटो कापून भरून काढता येतो, जागेचा नाही. म्हणून पडद्यावर मोजमाप घेतलं. आधीच्या फोटोत जवळच्या खांबाची रुंदी ३०० पिक्सेल आणि समोरच्या खिडकीची ५००, म्हणजे गुणोत्तर ०.६. नव्यात १८० आणि ३४०, म्हणजे साधारण ०.५३. फोटो कितीही कापला तरी हे गुणोत्तर हलत नाही. ते हललं तर कॅमेरा पुढे किंवा मागे गेलेला असतो. पूर्वी खांब माझ्यापासून २ मीटरवर आणि खिडकी ५ मीटरवर होती. २.५ आणि ५.५ धरून पाहिलं, तर हिशोब बरोबर जुळला. मी अर्धा मीटर मागे होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. डावी-उजवी जागा खिडकीनेच सांगितली. जुन्या फोटोत खिडकीच्या मधल्या चौकटीमागे बाल्कनीच्या कठड्याची एक उभी सळी पूर्ण लपली होती. ती तशीच लपेपर्यंत ट्रायपॉड बोट-बोट सरकवत राहिलो. उंचीची नोंद होती १२० सेंटिमीटर, पण तेवढ्यावर कठड्याची वरची कड खिडकीच्या उंबऱ्यावर जास्तच दिसत होती. नवी टाइल जुन्या फरशीवरच बसवली होती, जमीन ४ सेंटिमीटरने वर आली होती. कॅमेरा ११६ वर घेतला आणि कड जागेवर आली. आता उंची मी फरशीपासून मोजतच नाही, खिडकीच्या उंबऱ्यापासून मोजतो.

प्रकाशाचं गणित तेवढं चोख नाही जमलं. वेळ तीच साधली, व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर जुनेच ठेवले, पण आभाळ काही तेच मिळत नाही. नवे दिवे कामाचाच भाग, म्हणून त्यांचा वेगळा फोटो काढला. तुलनेच्या जोडीत ते बंद.

जोडी पाहून डिझायनरबाई म्हणाल्या, "पहिल्या जोडीतला हॉल जास्त भारी होता हो." घरमालकांनी दोन्ही फोटो एकावर एक टाकून पाहिले, खिडकी जागची हलली नाही, आणि त्यांनी हीच जोडी ठेवून घेतली.