कात्रज ते आप्पा बळवंत चौक: पीएमपीचं तिकीट, पास आणि पाटी

पुण्यात शिकायला आले तेव्हा खोली मिळाली कात्रजला आणि कॉलेज होतं पेठांमध्ये, आप्पा बळवंत चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. गाडी नव्हती, रोज रिक्षा परवडण्यातली नव्हती. म्हणजे पीएमपी, पुण्याची शहर बस. आमच्या गावाकडे एसटीची पाटी वाचायची सवय असते, ‘बार्शी’ लिहिलंय म्हणजे बार्शी. शहराच्या बसला आकडा असतो, आणि तो वाचायची रीत वेगळी आहे.

आकडा म्हणजे मार्ग. २ नंबर म्हणजे कात्रज ते शिवाजीनगर. पण शिवाजीनगरहून कात्रजला येणारी बससुद्धा २ नंबरच असते. त्यामुळे नुसता आकडा पाहून हात करायचा नाही, आकड्याशेजारी फिरणारं शेवटच्या थांब्याचं नाव वाचायचं. ते नाव म्हणजे बस कुठे चाललीय, कुठून आली ते नव्हे. समोरची पाटी बहुतेक वेळा देवनागरीत असते, पुण्यात नवीन आलेल्या परप्रांतीय मैत्रिणींना मी सगळ्यात आधी २, ५ आणि ९ हे आकडे कागदावर काढून देते. आकड्यापुढे ‘अ’ किंवा दुसरं एखादं अक्षर असेल तर तो वेगळा मार्ग समजायचा. सुरुवात आणि शेवट तेच असले तरी मधला रस्ता बदललेला असू शकतो, म्हणून ‘मार्गे’ नंतर काय लिहिलंय ते बघायचं.

पाटीवर सारखा दिसणारा आणखी एक शब्द म्हणजे ‘मनपा’. ते पुणे महानगरपालिकेच्या इमारतीजवळचं बसस्थानक, नदीकाठचं. तिथून असंख्य बस सुटतात, त्यामुळे घरापासून थेट बस नसेल तर मनपा, स्वारगेट, डेक्कन किंवा पुणे स्टेशन यांपैकी एका ठिकाणी बदलावी लागते. स्वारगेटला मात्र एसटीचं स्थानक वेगळं आणि पीएमपीचं वेगळं, हे उतरण्याआधीच माहीत असलेलं बरं.

आता खरी गंमत परतीची. सकाळी स्वारगेटहून बस बाजीराव रस्त्याने वर जाते. शनिपार, मग आप्पा बळवंत चौक, तिथे मी उतरते. संध्याकाळी त्याच चौकात रस्ता ओलांडून समोर उभं राहिलं तर कात्रजची बस येणारच नाही, कारण बाजीराव रस्ता एकेरी आहे. परतीच्या बस शेजारच्या शिवाजी रस्त्याने, दगडूशेठ गणपती आणि मंडईवरून स्वारगेटकडे उतरतात. हे मला पहिल्याच संध्याकाळी एका आजोबांनी सांगितलं. मी थांबा विचारला तर म्हणाले, “पोरी, जायचा रस्ता हा, यायचा रस्ता तो. मंडईकडे जा.” थांब्याच्या पाटीवर तिथे थांबणाऱ्या मार्गांचे आकडे लिहिलेले असतात. आपला आकडा आहे का, आणि समोरची वाहतूक आपल्या दिशेने चाललीय का, या दोन गोष्टी जुळल्या तरच तो आपला थांबा. सातारा रस्त्यावर बीआरटीचे, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या मार्गाचे, थांबे रस्त्याच्या मधोमध आहेत, तिथे डाव्या कडेला उभं राहून बसची वाट बघण्यात अर्थ नाही.

तिकिटाचं गणित १ जून २०२५ पासून सोपं झालंय. पाच किलोमीटरपर्यंत १० रुपये, दहापर्यंत २०, पंधरापर्यंत ३०, वीसपर्यंत ४०. कात्रज ते आप्पा बळवंत चौक पाच ते दहाच्या टप्प्यात बसतं, म्हणून २० रुपये. पण बस बदलली की टप्पा पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो, हे लक्षात घ्यायला हवं. समजा बारा किलोमीटर जायचंय. थेट बस मिळाली तर ३० रुपये. मध्येच सहा किलोमीटरवर बदलली तर २० अधिक २०, म्हणजे ४०. चार किलोमीटरवर बदलली तर १० अधिक २०, पुन्हा ३०च. म्हणजे बदलायचीच असेल तर कुठे बदलतो यावर पैसे ठरतात. थेट बससाठी दहा मिनिटं थांबायला मी आनंदाने तयार असते.

एका दिवसाचा पास ७० रुपयांचा आहे आणि तो पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीत चालतो. सासवड किंवा राजगुरुनगरसारख्या हद्दीबाहेरच्या गावांसाठी पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेशाच्या, क्षेत्राचा १५० रुपयांचा पास घ्यावा लागतो. वीसची तीन तिकिटं होणार असतील तर साठच होतात, तेव्हा पास घेऊ नये. चौथं लागणार असेल तर घ्यावा. हे पहिल्या बसमध्येच ठरवावं लागतं, कारण तिकीट फाडल्यावर नंतर पास काढला तर आधीचे पैसे त्यात धरत नाहीत. चढल्या चढल्या सांगायचं, “दादा, आजचा पास द्या.” ओळखपत्र हाताशी ठेवायचं, कंडक्टर मागतात. पास आपल्या नावावर असतो, मैत्रिणीला देता येत नाही. ‘आपली पीएमपीएमएल’ या अ‍ॅपवरही तिकीट आणि पास निघतो, आणि बस कुठवर आली तेही दिसतं. तपासनीस आले आणि मोबाईल बंद पडलेला असला तर मात्र दाखवायला काही उरत नाही, म्हणून चार्जिंग कमी असेल त्या दिवशी मी कागदी तिकीट घेते.

विद्यार्थी मासिक पास ७५० रुपयांचा, सर्वसाधारण मासिक पासाच्या (१५००) बरोबर निम्मा. तो काढायला आगारातल्या पास केंद्रावर जावं लागतं. अर्ज, फोटो, आधार, कॉलेजचं ओळखपत्र किंवा बोनाफाइड, आणि अर्जावर कॉलेजची सही आणि शिक्का. शिक्का ही सगळ्यात जास्त अडणारी जागा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या अर्जावर सही होती, शिक्का नव्हता, तिला खिडकीवरून परत पाठवलं. पुन्हा कॉलेज, पुन्हा रांग. म्हणून ऑफिसातून कागद हातात पडला की तिथेच उभं राहून सही, शिक्का, नाव आणि वर्ग हे चारही वाचून घ्यावं. जून-जुलैत रांगा मोठ्या असतात, सकाळी खिडकी उघडताना गेलेलं उत्तम.

पण पास प्रत्येकालाच परवडतो असं नाही. माझं जाऊन-येऊन रोजचं ४० रुपये होतं. ७५० ला ४० ने भागलं की पावणेएकोणीस येतं, म्हणजे महिन्यात एकोणीस दिवस कॉलेज झालं तर पास फायद्याचा. तिकीट १० रुपयांचं असेल तर रोजचे २० होतात, आणि रविवार धरूनही पास वसूल होत नाही. ३० रुपयांचं तिकीट असणाऱ्यांचा तेराव्या दिवशी वसूल होतो. म्हणून दिवाळीच्या सुट्टीचा किंवा परीक्षेआधीच्या वाचन-रजेचा महिना असेल तेव्हा मी पास काढत नाही, रोजचं तिकीट घेते.

शेवटचा एक गैरसमज, कारण गावाकडून आलेल्या मुली हमखास विचारतात. महिलांना अर्धं तिकीट ही सवलत एसटीत आहे, मार्च २०२३ पासून. पीएमपीच्या साध्या फेरीत ती लागू नाही. स्वारगेटला एसटीतून उतरून पीएमपीत चढलात तर पूर्ण तिकिटाचे पैसे सुट्टे तयार ठेवा.