स्वस्तात टॉपअप मारला आणि बॅलन्स मायनस 4,200 वर गेला, माझा अनुभव

मी देवगडचा, ट्रॉलरवर खलाशी आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे दिवसभर जाळी शिवायची आणि रात्री गेम, दुसरं काय. आमच्या स्क्वॉडमधल्या एकाने एका टेलिग्राम चॅनेलची लिंक टाकली, तिथे 5,000 कॉइनचा पॅक 2,300 ला. गेममध्ये तोच 4,000 ला पडतो. मी पण एवढा काय येडा नाय, आधी 80 रुपयांचा छोटा पॅक मागवून बघितला, तो फक्त प्लेयर आयडी घेऊन दहा मिनिटांत आला. झालं, विश्वास बसला.

मोठ्या पॅकला मात्र तो चॅनेलवाला म्हणाला आयडीवर होत नाही, लॉगिन द्यावं लागेल, भाई दोन मिनिटांचं काम आहे. इथेच थांबायला पाहिजे होतं पण नवीन गन स्किन आली होती आणि ती ज्यात लागते तो लकी स्पिन दोन दिवसात संपणार होता, दिला पासवर्ड, ओटीपी पण दिला. 2,300 यूपीआय केले आणि अर्ध्या तासात 5,000 कॉइन खरंच आले. रात्री बसून 4,200 उडवले, स्किन मिळाली, सगळ्यांना स्क्रीनशॉट पाठवून झाले.

19 दिवस काही नाही. विसाव्या दिवशी सकाळी बघतो तर बॅलन्स मायनस 4,200 आणि मॅच लावायला गेलो तर अकाउंट सस्पेंड. म्हणजे गेमवाल्यांनी पूर्ण 5,000 परत काढले, माझ्याकडे 800 शिल्लक होते ते पण गेले आणि उरलेले माझ्या नावावर उधारी. पहिल्यांदा वाटलं नेटचा लोचा असेल, पावसात आमच्याकडे रेंजचं काय सांगता येत नाही, दोनदा फोन बंद करून चालू केला.

सपोर्टला तिकीट टाकलं तर त्यांनी पावती मागितली. गुगल प्लेवरून आपण काही घेतलं की मेलवर पावती येते, त्यात GPA. ने सुरू होणारा ऑर्डर नंबर असतो. मी मेल शोधला, प्ले स्टोअरची पर्चेस हिस्टरी शोधली, त्या तारखेला काहीच नाही. तेव्हा टाळक्यात प्रकाश पडला. त्या चॅनेलवाल्याने माझं गेमचं लॉगिन स्वतःच्या फोनवर टाकलं होतं आणि खरेदी भलत्याच गुगल अकाउंटवरून केली होती, पावती तिकडेच गेली. सपोर्टचं उत्तर आलं की ते पेमेंट रिफंड झालंय. सहसा स्टोअरकडे रिफंड पहिल्या 48 तासांत मागतात, आणि इथे 19 दिवस लागले, म्हणून माझा अंदाज असा की कार्ड कोणा तिसऱ्याचं चोरलेलं असणार, त्याने उशिरा बघितलं आणि तक्रार केली. न केलेल्या खर्चाची तक्रार गुगल प्लेवर 120 दिवसांपर्यंत करता येते, म्हणजे असा टॉपअप आज नीट दिसला तरी तीन-चार महिने डोक्यावर टांगती तलवार. तो 80 वाला पॅक अजून शाबूत आहे, तो बहुतेक खराच होता, गळाला लावायचं आमिष.

मग पहिलं काम म्हणजे पासवर्ड बदलला, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट मारलं, टू स्टेप चालू केलं. तेवढ्यात विक्रेत्याचा ‘मित्र’ मेसेजवर हजर, 700 द्या अनबॅन करून देतो, फक्त ओटीपी सांगा. त्याला ब्लॉक केला, एकदा पोळल्यावर दुसऱ्यांदा कोण हात घालणार.

सायबर हेल्पलाइन 1930 ला फोन लावला, त्यांनी यूपीआयचा 12 आकडी यूटीआर नंबर, तारीख, रक्कम विचारली, नंतर cybercrime.gov.in वर चॅटचे स्क्रीनशॉट टाकले. पण 20 दिवस उलटलेले. लगेच फोन केला असता तर समोरच्या खात्यात पैसे अडकवता आले असते, आता तक्रारीचा क्रमांक आहे तेवढाच. बँकेत गेलो तर साहेब म्हणाले पिन तुम्हीच टाकलात ना, मग आम्ही काय करणार. वेंगुर्ल्याच्या मावसभावाने तर आख्खं अकाउंटच 3,000 ला विकत घेतलेलं, मूळ मालकाने जुन्या मेलवरून रिकव्हर करून आठवड्यात परत नेलं, आणि अकाउंट विकणं-घेणं गेमच्या नियमातच बसत नाही तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार.

सपोर्टने सांगितलं की अधिकृत टॉपअप करून मायनस भरा, सस्पेन्शन निघेल. म्हणजे परत 5,000 चाच पॅक, 4,000 रुपये. आधीचे 2,300 धरून 6,300, आणि हातात तीच स्किन आणि 800 कॉइन. आईला कळलं तेव्हा एवढंच म्हणाली, “मेल्या, पैसे काय झाडार लागतत?”

1 ऑगस्टला ट्रॉलर बाहेर पडला, पहिल्या फेरीचे पैसे पण हातात आले. मी परवा गेम उघडून बघितला, मायनस 4,200 तसंच आहे, ठेवलंय तसंच.