रविवारची एकच नोंद

"तुम्ही ते कृतज्ञतेचं डायरीत लिहिता ना, कंटाळा नाही येत का? मी पंधरा दिवस रोज लिहिलं, मग तेच तेच यायला लागलं आणि सोडून दिलं."

असं तुम्ही विचारलंत. माझंही अगदी हेच झालं होतं. जुनी वही काढून बघितली तर त्यात सलग अकरा दिवस आई-बाबांची तब्येत, नोकरी आणि सकाळचा चहा हेच लिहिलंय. यातलं खोटं काहीच नाही, पण ती नोंद मी त्या दिवसाकडे न बघताही लिहू शकले असते आणि तिथेच गडबड होती. लिहून झाल्यावर काही आठवल्यासारखं वाटण्याऐवजी 'चला, झालं एकदाचं' असं वाटायला लागलं की समजायचं, गृहपाठ सुरू झालाय.

मग मी रोजचं बंद केलं. आता फक्त रविवारी संध्याकाळी, दहा-पंधरा मिनिटं, आणि एकच गोष्ट. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2005 मध्ये छापून आलेला एक सहा आठवड्यांचा प्रयोग आहे, त्यात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं आणि तीनदा लिहिणाऱ्यांचं नाही. हा काही सगळ्यांना लागू पडणारा नियम नाही, रोज लिहून छान वाटणारे लोकही आहेत, पण कारण मला पटतं, मन चांगल्या गोष्टीला पटकन सरावतं, आणि रोज तीच गोष्ट समोर धरली की दिसेनाशी होते.

आणि 'कशाबद्दल आभारी आहेस' हा प्रश्नच मी विचारत नाही, त्याला ठरलेलीच उत्तरं येतात. मी विचारते, 'या आठवड्यातलं काय घडलंच नसतं तर?' या उलट्या विचारावरही 2008 मध्ये मिन्क्युंग कू वगैरे मंडळींनी प्रयोग केलेत. चांगली गोष्ट कशी झाली हे लिहिण्यापेक्षा ती कशी हुकली असती हे लिहिणाऱ्यांना जास्त बरं वाटलं, असं त्यांना दिसलं.

गेल्या महिन्यातलं माझंच सांगते. बाबांची बीपीची गोळी 40 ची आहे, पण नव्या चिठ्ठीवर 80 लिहिलं गेलं होतं आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. इंदिरानगरमध्ये आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या दादांनी चिठ्ठी हातात धरली, म्हणाले, "ताई, काकांना तर 40 ची असते ना? थांबा, मी विचारतो," आणि गिऱ्हाईकं उभी असताना डॉक्टरांना फोन लावला. डोस वाढवलेलाच नव्हता, लिहिताना चूक झाली होती. रविवारी मी आधी नुसतं 'मेडिकलवाले दादा' एवढंच लिहिलं आणि आत काहीच हललं नाही. मग उलटं लिहायला घेतलं, त्या दिवशी मी गोळ्या ऑनलाइनच मागवणार होते, पेमेंट अडकलं म्हणून खाली उतरले, आणि बाबा गेली कितीतरी वर्षं 'दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, माणूस ओळखीचा हवा' म्हणत तिथूनच घेतात म्हणून तर दादांना 40 पाठ होतं, आणि मी त्यावरून बाबांशी वादही घातलाय. पान भरलं तेव्हा त्यात दादा होते, बाबाही होते, आणि बाबांना सॉरी म्हणायचं राहिलंय हेही होतं.

दर वेळी असं काही सापडत नाही. मग दोन वेगळे प्रश्न आलटून पालटून घेते. एक, कोणी माझ्यासाठी स्वतःचा वेळ मोडला? (यात नाव आणि त्या माणसाने नेमकं काय केलं हे लिहायचंच, 'सगळे खूप चांगले आहेत' चालत नाही.) दुसरा, आत्ता आहे पण लवकरच संपणारे असं काय? मार्चमध्ये यावर द्राक्षं येतात, गंगापूर रोडला गाडी थांबवून घेतलेली, आणि एकदा समोरच्या फ्लॅटमधली भाडेकरू मुलगी आली होती जी जूनमध्ये पुण्याला जाणार होती. तिला त्याच आठवड्यात जेवायला बोलावलं.

रविवार चुकला तर चुकला, पुढच्या वेळी दोन लिहायच्या नाहीत. आठवडा खरंच वाईट गेला असेल तर मी त्यातून ओढूनताणून चांगलं काढत नाही, जे झालं ते लिहिते, राग असेल तर रागही. कोणी अन्याय केला असेल तर 'त्यातून शिकायला मिळालं' असं लिहून तो झाकायचा नाही, हे मी फार कटाक्षाने पाळते. आणि आठवड्यामागून आठवडे मन उदासच असेल, झोप-भूक गेली असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा, तिथे या लिहिण्याचा उपयोग फार थोडा आहे.

तुम्ही तुमची पंधरा दिवसांची वही फेकली नसेल तर त्यातली एकच ओळ घ्या, सगळ्यात जास्त वेळा आलेली, आणि या रविवारी ती उलटी लिहून बघा. माझी 'सकाळचा चहा' होती. मी झोपेत असताना तो रोज कोण ठेवतं हे मी तोवर एकदाही लिहिलं नव्हतं.